बटण दाबणारी बाई

माझ्या दिराला विद्यार्थी पाठीमागे बँडमास्तर म्हणतात. परदेशी जाण्यासाठी इंग्रजीची जी परीक्षा द्यावी लागते, तिच्यात गुणांना बँड म्हणतात, म्हणून हे नाव. त्याला ते ठाऊक आहे आणि आवडतंही. त्याच्या वाढदिवसाला पोरांनी केकवर ते लिहून आणलं होतं, तर स्वारी दिवसभर फुगून फिरत होती. मी त्याला भाऊजी म्हणते. मनात काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

क्लास आम्ही दोघांनी मिळून काढला. लिहिणं, वाचणं, बोलणं हे तीन विषय त्याचे आणि ऐकण्याचा माझा. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली माझी होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकून आवाज घुमणं मी बंद केलं होतं, नवऱ्याकडून दाराला रबराची पट्टी लावून घेतली होती. खिडकी बंद केली की त्या खोलीत पेन्सिल खाली ठेवल्याचाही आवाज यायचा.

लोकांना वाटतं, ऐकायचं त्यात शिकवायचं काय? कान आहेत की! अहो, हुशार पोरं तिथेच आपटतात. भाषण समजतं, विनोद समजतो, आणि फोन नंबरात शून्य राहून जातं. बोलणारा झिरो म्हणतच नाही, ओ म्हणतो. डबल फाइव्ह म्हणाला की पोरगं एकच पाच लिहितं आणि पुढचा आकडा हुकवतं. नावाची अक्षरं सांगताना बी की पी, एम की एन, आणि जी की जे यात तर रडारड. तारखेत जून आणि जुलै. आणि सगळ्यांचा बाप म्हणजे थर्टीन आणि थर्टी.

त्यावर माझी एक पद्धत होती. थर्टीन ऐकलं की हात लांब करायचा, कारण 'टीन' लांबतं आणि शेवटी न नाकात वाजतो. थर्टी ऐकलं की मूठ मिटायची, कारण तिथे सगळा जोर आधी आणि शेपूट तुटकं. पण नुसत्या जोरावर विसंबायचं नाही, हे मी घसा फुटेपर्यंत सांगायचे. पुढे लगेच दुसरा शब्द आला, 'थर्टीन गेस्ट्स' असं काही, की थर्टीनचाही जोर पुढे सरकतो आणि ते थर्टीसारखं वाटायला लागतं. तेव्हा शेवटचा न पकडा. न असेल तर तेरा, नसेल तर तीस. आणि आकडा ऐकला म्हणून लगेच शाई फासू नका! माणसं बोलताना चुकतात, 'नो, सॉरी' म्हणून बदलतात. परीक्षेत मुद्दाम बदलतात. पेन्सिलीनं हलकं लिहा आणि पुढचं वाक्य संपेपर्यंत कान तिथेच ठेवा. हात लांब करणारी, मुठी मिटणारी वीस-पंचवीस माणसं एका खोलीत बघून बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं, इथे व्यायाम चालतो.

मग एका परीक्षेत ऐकण्याचे निकाल खाली आले. त्या वेळी मी सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात बसून होते, आणि माझे तास भाऊजी घेत होता. हे त्यालाही माहीत, सासूबाईंनाही माहीत, दवाखान्याच्या वॉचमनलाही माहीत. तरी त्यानं सगळ्या विद्यार्थ्यांसमोर मला उभं करून सांगितलं, ''वहिनींचा कान आता थकलाय. त्यांना थोडा आराम देऊ या.'' माझा कान थकला म्हणे! मी म्हटलं, पुढची एक बॅच मला द्या, निकाल दाखवते. तर हसून म्हणाला, ''परीक्षेत टेप एकदाच लावतात, वहिनी. दुसरी संधी नसते.''

पोरं हसली. त्यांचाही दोष नाही, साहेबांनी विनोद केला की हसावं लागतं. पण ते हसू माझ्या कानात घुसलं ते घुसलंच.

मला खाली काउंटरवर बसवलं. चौकशीचे फोन घ्यायचे, नावं-नंबर उतरवायचे आणि वरच्या हॉलमध्ये कार्यक्रम असला की स्पीकरचं बटण दाबायचं. घरी सासूबाई म्हणाल्या, ''बरं झालं गं, तुझी दगदग वाचली.'' नवरा म्हणाला, ''जाऊ दे ना.'' माझ्या नवऱ्याचं हे आवडतं वाक्य आहे. घर पेटलं तरी तो आधी जाऊ दे म्हणेल, मग पाणी शोधेल.

मी काही जाऊ दिलं नाही. काउंटरवर बसून मी फोन घेत होते, आणि प्रत्येक नंबर समोरच्याला एकेक आकडा करून परत वाचून दाखवत होते. तेवढंच माझं राज्य उरलं होतं. तो खोलीचं दार उघडंच ठेवायचा, म्हणून वरून त्याचा आवाज यायचा. टेप चालू असताना हा माणूस बोलतो! 'आता येईल बघा, आता येईल, आलं!' अरे, त्यांना ऐकू दे की.

आणि टेपा कोणत्या? त्याच त्या, मीच निवडलेल्या. माझ्याकडून नवीन टेपा करून घ्यायची त्याला लाज वाटायची आणि स्वतः करायचा कंटाळा. तेव्हा त्याच फिरवून फिरवून लावायचा. पोरांचे वर्गातले गुण चाळीसपैकी अडतीस, एकोणचाळीस. भिंतीवर त्यांचे तक्ते लागले. तक्त्यांखाली तो हाताची घडी घालून फोटो काढून घ्यायचा.

एके दिवशी दुपारी नर्सताई माझ्या काउंटरसमोर येऊन उभी राहिली. मोठ्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात काम करते, रात्रपाळी करून क्लासला येते. परदेशातल्या एका हॉस्पिटलनं तिला नोकरी देऊ केली होती, फक्त ऐकण्यात सात बँड हवे होते. तिला साडेपाच मिळाले. वर्गात अडतीस काढणाऱ्या मुलीला साडेपाच!

''काय झालं गं?'' मी म्हटलं.

''बाई, मला ऐकूच येत नव्हतं,'' ती म्हणाली. ''म्हणजे बोलणारा बोलत होता, पण माझ्या डोक्यात वर्गातल्या टेपेचे आकडे वाजत होते. माणसं किती म्हटलं की मी थर्टी लिहून मोकळी. तो काय म्हणाला देव जाणे.''

तिथेच काउंटरला टेकून ती रडायला लागली. हॉस्पिटलनं अजून एकदा परीक्षा द्यायची मुभा दिली होती. तेव्हाही सात आले नाहीत, तर जागा दुसऱ्या कुणाला देणार होते. ''सर म्हणतात, तुझ्यात आत्मविश्वास नाही,'' ती म्हणाली. ''आणि त्याच टेपा पुन्हा ऐक म्हणतात.''

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. माझा अपमान केलास ते केलास. पण रात्र रात्र लोकांचे श्वास मोजणाऱ्या मुलीला तिचाच कान खोटा आहे असं सांगतोस? मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, ''मला थोडे दिवस दे. खोली परत घेते.'' कशी घेणार होते ते मलाही माहीत नव्हतं.

ते कळलं सासूबाईंमुळे. त्या भाऊजीवर जीव टाकतात. दर नव्या बॅचच्या सुरुवातीला तो हॉलमध्ये एक खेळ करतो. पालक, नवी पोरं, जुनी पोरं, सगळे जमवतो. पडद्यावर प्रश्नांचा कागद दाखवतो, कुणीतरी हॉल भाड्यानं घेण्यासाठी फोन करतंय असा. आडनाव काय, माणसं किती, तारीख कोणती, फोन नंबर काय, अशा दहा रिकाम्या जागा. मग लोकांकडे पाठ करून फळ्यासमोर उभा राहतो, मी बटण दाबते, आणि टेप चालू असताना हा धडाधड दहाच्या दहा उत्तरं लिहितो. शेवटी कडाडून टाळ्या. सासूबाई दर वेळी पहिल्या रांगेत असतात.

त्या दिवशी मी ताटं वाढत होते, आणि सासूबाई शेजारणीला फोनवर सांगत होत्या, ''अगं, काय सांगू तुला! टेपेतला माणूस बोलायच्या आधीच हा लिहून मोकळा होतो!''

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. आधीच लिहितो. अर्थात लिहिणार! पाठ आहे त्याला. त्या टेपेत फोन करणारा आधी थर्टीन म्हणतो, मग सॉरी म्हणून थर्टी करतो, आणि भाऊजी पहिल्या थर्टीनलाच फळ्यावर तीस लिहून बसलेला असतो. मी इतक्या वेळा बटण दाबलं, पण मी टेप ऐकत होते, त्याच्या हाताकडे बघत नव्हते. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, म्हणून त्या फक्त हात बघत होत्या.

''आई, तुम्ही थोर आहात,'' मी म्हटलं.

''आज कळलं होय?'' त्या म्हणाल्या.

क्लासला सुट्टी असते त्या दुपारी मी नवऱ्याला वरच्या खोलीत नेलं. दार लावलं, खिडकी लावली आणि त्याच्या हातात कागद दिला. संवाद तोच, हॉल भाड्यानं घेण्याचा. वाक्यं तीच, क्रम तोच, पडद्यावरचा प्रश्नांचा कागदही तोच चालेल असा. फक्त उत्तरं सगळी बदललेली. हॉलवाली मी, फोन करणारा तो.

''हे काय आहे?'' तो म्हणाला.

''तुझ्या भावाची परीक्षा.''

''जाऊ दे ना...''

''आज जाऊ दे म्हणालास ना, तर मी माहेरी जाईन आणि तुझ्या आईला तुझ्याकडे सोडून जाईन.''

त्यानं घसा साफ केला आणि वाचायला लागला. माझा नवरा इतकं छान वाचतो हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन ठाऊक नव्हतं. थर्टीनचा न त्यानं असा सोडला, की कान असेल त्याला चुकायचा नाही. एकदा नंबर वाचताना हसला, तर मी परत पहिल्यापासून करायला लावलं. शेवटी म्हणाला, ''तो आपला आवाज ओळखेल गं. पहिल्याच वाक्याला थांबवेल.''

''ऐकेल तर ओळखेल,'' मी म्हटलं.

सुरुवातीची सूचना मी जुन्या टेपेचीच ठेवली. पुढे आमचे आवाज.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. नव्या पोरांचे आईवडील, जुनी पोरं भिंतीला टेकून, नर्सताई मागच्या रांगेत ड्यूटीच्या कपड्यांतच. सासूबाई पहिल्या रांगेत ठेवणीतलं पातळ नेसून. भाऊजीनं नवा शर्ट घातला होता. सगळ्यांना प्रश्नांचे कागद वाटून म्हणाला, ''तुम्हीही लिहा! बघू माझ्याबरोबर कोण पळतंय!'' मग माझ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ''वहिनी, तुम्ही फक्त बटण दाबा.''

दाबलं.

जुनी सूचना वाजली, तोवर हा हात उडवून विनोद सांगत होता. मग फोनची घंटी, आणि माझा आवाज. 'गुड मॉर्निंग, टाउन हॉल.' भिंतीजवळची जुनी पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एका मुलीनं तोंडावर हात धरला. मग नवऱ्याचा आवाज आला, आणि सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

''अगं बाई, हा तर आपला थोरला!''

''आई, शांत बस,'' भाऊजी फळ्याकडे तोंड करून म्हणाला. ''टेप चालू आहे. लोकांना ऐकू दे.''

आणि लिहीत सुटला. अख्ख्या हॉलनं आवाज ओळखला होता. आईनं तर ओरडून सांगितलं होतं. सख्खा भाऊ कानाशी बोलतोय, आणि हा आपला खडखड मार्कर चालवतोय! मी त्याची पाठ बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, इतकं सुख मला कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

आडनावाला त्यानं जुनंच बी, ई, डबल एन, ई, टी असं लिहिलं. ते लिहून झालं, तेव्हा कुठे माझा नवरा म्हणाला, पी फॉर पीटर, ई, डबल एन, ई, डबल टी. माणसं किती? फळ्यावर तीस. मग टेपेतला नवरा सावकाश म्हणाला, थर्टी, नो, सॉरी, थर्टीन, वन थ्री. तारखेला यानं दोन जून लिहिलं, आणि टेप म्हणाली सात जुलै. फोन नंबराच्या शेवटी यानं पाच, पाच, शून्य लिहिले, टेप म्हणाली फाइव्ह, डबल ओ. एकेक चूक पडत गेली, तशी हॉलमधली खसखस वाढत गेली. त्याला वाटलं, लोक त्याच्या वेगावर खूश आहेत. मान न वळवता त्यानं बोट वर करून सगळ्यांना गप्प केलं. मग दहावं उत्तर लिहून, टेप अजून सातव्यावर असताना, हात पसरून वळला.

टाळी एकही नाही. एक पालक, जाड भिंगाचा चष्मा लावलेला, कागद हातात घेऊन उठला. ''सर, तुमचं दहावं उत्तर लिहून झालं. ते तर अजून कुणी बोललंच नाही.''

तेव्हा भाऊजीनं ऐकलं. पहिल्यांदा. माझा आवाज नवऱ्याला विचारत होता, खुर्च्या किती लागतील. भाऊजीच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे ठेवावं ते त्याला कळेना. त्यानं फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दाराशी उभ्या असलेल्या भावाकडे बघितलं.

टेप संपली.

''काहीतरी घोटाळा झालाय,'' तो म्हणाला. ''टेप बदललीये कुणीतरी. परत लावा, वहिनी. आत्ता लिहून दाखवतो.''

मी बटणावरून हात काढला.

''परीक्षेत टेप एकदाच लावतात, भाऊजी,'' मी म्हटलं. ''दुसरी संधी नसते.''

भिंतीजवळची जुनी पोरं हसली. तेच हसू. ते आता माझ्या कानातून निघून जिथे जायला हवं तिथे गेलं.

सासूबाईंना काहीच कळलं नव्हतं, म्हणून त्यांनी मोठ्यानं विचारलं, ''पण माणूस बोलायच्या आधी लिहिलं तर चुकणारच ना रे?'' त्यावर कुणी हसलं नाही. भाऊजी मार्कर टेबलावर ठेवून बाहेर गेला.

मागच्या रांगेतून नर्सताईनं हात वर केला. ''बाई,'' ती म्हणाली, ''मला तीनच बरोबर आलीत. बाकीची मी पण त्यांच्याबरोबर आधीच लिहून टाकली. परत लावता?''

तिचा चेहरा बघून माझ्या तोंडातला विजय थोडा कडू झाला. अर्ध्या जुन्या पोरांच्या कागदांवर तीस लिहिलेलं होतं. मी निवडलेल्या टेपा, माझ्या दिराचा आळस, आणि बळी ही मंडळी.

''परीक्षेत एकदाच,'' मी म्हटलं. ''वर्गात हव्या तितक्या वेळा. खोडरबर घ्या आणि वर चला सगळे.''

त्यानंतर खोलीवरून वाद झालाच नाही. नव्या पालकांनी काउंटरवर येऊन विचारलं, ऐकण्याचं कोण शिकवणार, आणि नवऱ्यानं, माझ्या नवऱ्यानं, माझ्याकडे न बघता सांगितलं, ''माझी बायको.'' मी एकच अट घातली. माझी जागा खाली रिकामी झाली, ती ऐकण्याचा तास चालू असताना भाऊजीनं भरायची. फोन घ्यायचे, नावं लिहायची, आणि प्रत्येक आकडा समोरच्याला परत वाचून दाखवायचा. सासूबाई म्हणाल्या, ''जरा जास्तच होतंय हं.'' मी म्हटलं, ''हो, होतंय.''

नर्सताईसाठी मी रोज नवीन टेप करत होते. नवरा वाचायचा, शेजारचा केमिस्ट वाचायचा, शाळेतली पीटीची बाई वाचायची. एक आकडा दोनदा कुठे आलाच, तर मी तो बदलायचे. सुरुवातीला तिचा हात आपोआप पुढे पळायचा, आणि मी तिच्या पेन्सिलीवर बोट ठेवायचे. बोलू दे त्याला, बाई, आधी बोलू दे. हळूहळू पेन्सिल थांबायला शिकली. मग ती परीक्षेला गेली, आणि आम्ही वाट बघत बसलो.

निकालाच्या दिवशी मी वर तास घेत होते. दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं. फोन वाजला, भाऊजीनं उचलला.

''हॅलो... कोण? अगं, बोल, बोल... लिसनिंग? किती?... जरा हळू सांग.''

माझ्या समोरच्या पोरांचे हात हवेतच थांबले. मी जिन्याच्या तोंडाशी आले. तो खाली मान घालून लिहीत होता. तो फोन ठेवायला लागला, तेव्हा मी वरून म्हटलं, ''भाऊजी, परत वाचून दाखवा. एकेक आकडा. मोठ्यानं.''

त्यानं वर बघितलं. कान लाल झाले होते. मग फोन पुन्हा कानाला लावला आणि अख्ख्या क्लासला ऐकू जाईल असं वाचलं, ''सेव्हन. पॉइंट. फाइव्ह.''

''बरोबर का विचारा.''

''बरोबर का?'' त्यानं विचारलं, आणि या वेळी तिचं उत्तर संपेपर्यंत गप्प उभा राहिला.